तक्रार पाण्याची आहे, मजकूर पाठ केलेला नको

“दहावीच्या मराठीतलं पत्र म्हणजे सहा मार्क फुकट. वर उजव्या कोपऱ्यात पत्ता, खाली पाकीट. प्रति मध्ये सरळ मा. महापौर टाका, कुठल्याही तक्रारीला चालतं. मजकूर एकच पाठ करा. रस्ता, कचरा, पाणी काहीही आलं तरी तेवढा शब्द बदला. आणि भाषा कडक ठेवा, पत्रात दम दिसला पाहिजे.”

परीक्षा जवळ आली की हा संदेश पालकांच्या ग्रुपवर फिरायला लागतो. मी मराठी शिकवते, त्यामुळे तो दरवर्षी कुणी ना कुणी मलाही पाठवतं. यातलं खरं एवढंच, की राज्य मंडळाच्या कुमारभारतीच्या कृतिपत्रिकेत पत्राला सहा गुण असतात आणि त्याला सारांशलेखनाचा पर्याय असतो. बाकीचं एकेक घेऊ. उदाहरण मुलांना सर्वांत सोपं वाटणारं : आपल्या परिसरातील अनियमित पाणीपुरवठ्याबद्दल पालिकेकडे तक्रार.

कोपरा आणि पाकीट ही जुन्या अभ्यासक्रमाची आठवण आहे. पालक ज्या पद्धतीने पत्र शिकले तीच ते मुलांना सांगतात, यात नवल नाही. 2018 साली दहावीची पुस्तकं बदलली तेव्हा पत्राचं प्रारूप ई-मेलच्या धर्तीवर आलं. आता सगळं डाव्या समासाला लागून लिहायचं : आधी दिनांक, मग प्रति, विषय, महोदय, मजकूर, समारोप, आणि अगदी शेवटी पाठवणाऱ्याचं नाव, पत्ता व ई-मेल. पाकीट काढायची गरज नाही. तरी मुलं पट्टी घेऊन चौकोन आखतात, त्यात तिकीटसुद्धा काढतात, आणि तिकडे मजकुराचा शेवटचा परिच्छेद घाईत दोन ओळींत गुंडाळला जातो.

महापौरांचं प्रकरण जास्त मजेशीर आहे. प्रश्नात गाव छोटं असेल, नगरपरिषदेचं असेल, तर तिथे महापौर हे पदच नसतं. तिथे नगराध्यक्ष असतात आणि प्रशासनाचे प्रमुख मुख्याधिकारी असतात. महानगरपालिकेतही महापौर सभागृहाचे प्रमुख. कारभार चालवण्याचे अधिकार आयुक्तांकडे. 2022 नंतर तर राज्यातल्या कित्येक महापालिकांचा कारभार प्रशासकांकडे होता, महापौरांची खुर्ची रिकामीच होती. पाण्याच्या वेळेची तक्रार ज्याच्या टेबलावर जायला हवी तो माणूस पाणीपुरवठा विभागातला अभियंता. म्हणून ‘मा. कार्यकारी अभियंता, पाणीपुरवठा विभाग’ किंवा नगरपरिषदेत ‘मा. पाणीपुरवठा अभियंता’ असं लिहिलं की तपासणाऱ्याला कळतं, मुलाला कार्यालय ठाऊक आहे. प्रश्नातच अधिकारी दिला असेल तर अर्थातच तोच लिहायचा, तिथे शहाणपण नको.

आता मुख्य मुद्दा, मजकुराचा. पाठ केलेला परिच्छेद साधारण असा असतो : “गेल्या अनेक दिवसांपासून आमच्या भागात पाण्याची समस्या भेडसावत आहे. त्यामुळे लहान मुले, महिला व वृद्ध यांचे अतोनात हाल होत आहेत. वारंवार सांगूनही दुर्लक्ष केले जात आहे.” यात ‘पाण्याची’ काढून ‘कचऱ्याची’ घाला. पत्र जसंच्या तसं उभं राहतं. ‘डासांची’ घाला, तरीही. म्हणजे या पत्रात पाण्याबद्दल एकही गोष्ट नाही. काही मुलं याच्या आधी ‘पाणी म्हणजे जीवन’ असा चार ओळींचा निबंध लावतात. पाणीपुरवठा खात्याच्या अभियंत्याला पाण्याचं महत्त्व समजावून काय मिळणार?

त्याला हवी असते माहिती. पाण्याच्या तक्रारी एकसारख्या नसतात. पाणी रोज येतं पण धार बारीक आहे, ही दाबाची तक्रार. पाण्याला वास येतो, ही बहुधा फुटलेल्या वाहिनीची तक्रार : दिवसातून थोडाच वेळ पाणी सोडलं जातं तिथे बाकीच्या वेळी नळ रिकामे राहतात आणि गळतीच्या जागेतून बाहेरची घाण आत ओढली जाते. आणि वेळ पाळली जात नाही, मधले दिवस गाळले जातात, ही अनियमिततेची तक्रार. प्रश्न तिसऱ्या प्रकाराबद्दल आहे. तरी उत्तरांत तिन्ही एकत्र कालवलेली दिसतात, आणि मग मागणीही ‘योग्य ती कारवाई करावी’ एवढीच उरते, कारण नेमकं काय करायचं हे लिहिणाऱ्यालाच माहीत नसतं.

रहिवासी प्रतिनिधी या नात्याने पत्र लिहा, असा प्रश्न आहे असं धरू. नावं काल्पनिक ठेवून मी वर्गात हे पत्र फळ्यावर लिहिते :

दिनांक : 10 मार्च 2025

प्रति,
मा. पाणीपुरवठा अभियंता,
पाणीपुरवठा विभाग,
अ. ब. क. नगरपरिषद.

विषय : आनंदनगर भागातील अनियमित पाणीपुरवठ्याबाबत तक्रार.

महोदय,

मी आनंदनगर येथील रहिवाशांची प्रतिनिधी या नात्याने हे पत्र लिहीत आहे. आमच्या भागात रोज सकाळी 6 ते 7.30 या वेळेत पाणी येत असे. 17 फेब्रुवारीपासून ही वेळ पाळली जात नाही. 3 मार्च रोजी पाणी पहाटे 4 वाजता आले व अर्ध्या तासात बंद झाले. 4 व 5 मार्च रोजी पाणी आले नाही. 6 मार्च रोजी ते दुपारी 2 वाजता आले, तेव्हा बहुतेक घरांत कोणी नव्हते. या बदलाची कोणतीही पूर्वसूचना आम्हाला मिळालेली नाही.

आमच्या इमारतींना साठवणुकीची टाकी नाही, त्यामुळे पाणी येईल तेव्हाच भरून ठेवावे लागते. वेळ निश्चित नसल्याने घरातील एका व्यक्तीला रात्री जागे राहावे लागते. 5 मार्च रोजी रहिवाशांनी स्वखर्चाने टँकर मागवला. शेजारच्या गल्लीत मात्र पाणी ठरलेल्या वेळी येत आहे.

तरी आमच्या भागाकडे येणाऱ्या वाहिनीची व व्हॉल्व्हची तपासणी करावी, पाणी सोडण्याची वेळ निश्चित करून ती कळवावी आणि दुरुस्तीसाठी पुरवठा बंद ठेवायचा असल्यास आदल्या दिवशी सूचना द्यावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
क. ख. ग.
(रहिवासी प्रतिनिधी)
आनंदनगर, अ. ब. क.
ई-मेल : xyz@xxxx.com

यात अलंकारिक वाक्य एकही नाही. पण ‘शेजारच्या गल्लीत मात्र पाणी ठरलेल्या वेळी येत आहे’ हे वाक्य बघा. दोन्ही गल्ल्यांना पाणी एकाच जलकुंभातून येत असेल, तर जलकुंभ भरतोय, पंप चालू आहेत, हे या वाक्यावरून कळतं. घोटाळा त्यापुढे, या गल्लीच्या व्हॉल्व्हपाशी किंवा वाहिनीत आहे, किंवा व्हॉल्व्हची चावी फिरवणाऱ्याच्या वेळापत्रकात. उलट गावभर पाणी आलं नसतं, तर दोष वरच्या बाजूला, जलशुद्धीकरण केंद्रात किंवा पंपांच्या विजेत शोधावा लागला असता. मुलांना हे तांत्रिक ज्ञान असण्याची गरज नाही. आपल्याकडे येत नाही तेव्हा शेजारी येतं का, एवढं बघून लिहिलं की पुरे. आणि मागणीतल्या तिन्ही गोष्टी बघा : तिन्ही अभियंत्याच्या हातातल्या आहेत. ‘धरण बांधावे’ असं लिहिलेलं पत्रही मी तपासलं आहे.

तारखांबद्दल मुलं विचारतात, बाई, खोट्या तारखा कशा लिहायच्या? परीक्षेतलं पत्र काल्पनिकच असतं. तारखा एकमेकींशी जुळल्या म्हणजे झालं. गफलत होते ती इथेच. दिनांक 10 मार्च आणि मजकुरात ‘15 मार्चला पाणी आले नाही’, किंवा विषयात आनंदनगर आणि खालच्या पत्त्यात गांधीनगर. स्वतःचं खरं नाव मात्र लिहू नका. प्रश्नात दिलं असेल तेच नाव, ‘च्या नात्याने’ म्हटलं असेल तर त्याच नात्याने.

समारोपात आणखी एक पाहुणा घुसतो : ‘कळावे, लोभ असावा.’ ही घरगुती पत्राची ओळ. मामाला लिहिताना शोभते. अभियंत्याच्या लोभाशी आपल्याला कर्तव्य नाही. लिहिणारी मुलगी असेल तर ‘आपली विश्वासू’, मुलगा असेल तर ‘आपला विश्वासू’. पाठ केलेल्या पत्रात हे हमखास उलट होतं, कारण पाठ केलेलं पत्र मुलाने लिहिलेलं असतं आणि उत्तरपत्रिकेत प्रतिनिधी सरिता असते.

राहिला दम. ‘झोपेचे सोंग घेतलेल्या प्रशासनाला जाग कधी येणार?’ हे वाक्य वर्तमानपत्राच्या अग्रलेखाचं आहे. ‘आठ दिवसांत पाणी न आल्यास हंडा मोर्चा काढू’ हे निवेदनाचं. औपचारिक पत्रात समोरच्याला ‘आपण’ म्हणायचं, त्याच्या हेतूबद्दल न बोलता घडलेलं सांगायचं, आणि शेवटी ‘ही विनंती’. मुलांना ही भाषा मिळमिळीत वाटते. पण ‘4 व 5 मार्च रोजी पाणी आले नाही’ या वाक्याला उत्तर द्यावं लागतं. ‘अक्षम्य हेळसांड’ला कुणी उत्तर देत नाही.

खऱ्या कार्यालयातही कडकपणा दुसऱ्या पत्रात येतो, आणि तो विशेषणांतून येत नाही. पहिलं पत्र देताना त्याच्या दुसऱ्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्यायची. पाणीपट्टीच्या बिलावरचा ग्राहक क्रमांकही पत्रात घालायचा, जो परीक्षेत कुणी मागत नाही. पंधरा दिवसांत काही हललं नाही तर स्मरणपत्र : ‘संदर्भ : आमचे दि. 10 मार्चचे पत्र, आवक क्रमांक अमुक’, आणि तळाला ‘प्रत माहितीसाठी : मा. मुख्याधिकारी’. एखाद्या वर्षी कृतिपत्रिकेत ‘पूर्वी तक्रार करूनही उपयोग झाला नाही’ असं सुचवलेलं असेल, तर ‘वारंवार सांगूनही’च्या जागी ही संदर्भाची एक ओळ लिहा.