तिसरं अक्षर बदललं की सायलेंट?

«ट्रिक लक्षात ठेवा. कोडॉनचं तिसरं अक्षर बदललं की सायलेंट, पहिलं-दुसरं बदललं की मिसेन्स. स्टॉप फक्त अक्षर गळलं तरच येतो. टेबलात सायलेंट निघालं की प्रोटीन सेफ.»

सीईटी जवळ आली की रत्नागिरी ते सावंतवाडी, बारावीच्या ग्रुपांवर हे फिरतं. यातल्या चार दाव्यांपैकी एकही जसंच्या तसं खरं नाही. तपासायला हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचे १४ आणि १५ क्रमांकाचे कोडॉन पुरतात:

```
CUG UGG
```

CUG म्हणजे ल्युसीन. त्याचं पहिलं अक्षर बदलून UUG करा, तरी ल्युसीनच! पहिल्या अक्षराला हात लावूनही बदल सायलेंट. अशी सूट ल्युसीन आणि आर्जिनिनच्या काहीच कोडॉनना आहे, पण आहे.

आता UGG. टेबलात डावीकडे U ची ओळ, वर G चा रकाना धरा. त्या चौकटीत UGU आणि UGC सिस्टीनचे, UGA स्टॉप आणि UGG एकटा ट्रिप्टोफॅनचा. म्हणजे UGG चं तिसरं अक्षर काहीही करा, सायलेंट होणारच नाही. G चा A झाला तर थेट स्टॉप, नॉनसेन्स. एकही अक्षर गळलेलं नाही, नुसतं बदललंय. १४६ अमिनो आम्लांची साखळी चौदावर तुटते आणि बीटा थॅलेसेमिया होतो. याच कोडॉनचं मधलं अक्षर बदलून झालेलं UAG तर भारतातल्या थॅलेसेमियाच्या रुग्णांत बऱ्यापैकी आढळतं.

तरी ट्रिक एवढी पसरते कशी? कारण ती बऱ्याचदा लागू पडते. स्टॉप सोडून उरलेल्या ६१ कोडॉनमध्ये तिसऱ्या अक्षराचे १८३ बदल शक्य आहेत. मोजले तर १२६ सायलेंट, ५० मिसेन्स, ७ नॉनसेन्स. पेपर काढणारा नेमका त्या सत्तावन्नातलाच एक उचलतो. मधल्या अक्षराच्या बाबतीत मात्र कोडॉन स्टॉप नसेल तर सायलेंट कधीच निघत नाही, हे खुशाल पाठ करा.

उरलं «सेफ». याच साखळीचा २४ वा कोडॉन GGU, ग्लायसीन. तो GGA झाला तरी ग्लायसीनच, टेबलाप्रमाणे सायलेंट. तरीही हा बदल असलेल्यांना सौम्य बीटा थॅलेसेमिया झाल्याची नोंद आहे. कारण टेबल तयार एमआरएनए वाचतं, आणि गडबड त्याआधीच होते. या बदलामुळे जीनमध्ये एरवी दुर्लक्षित राहणारी कापण्याची जागा जागी होते, इंट्रॉन काढताना काही प्रतींतून एक्सॉनचा तुकडाही जातो. उरलेल्या प्रती नीट जोडल्या जातात, म्हणून आजार सौम्य. पेपरात उत्तर «सायलेंट» हेच लिहा, प्रश्न टेबलापुरता असतो. रुग्णाच्या रिपोर्टवर तेवढ्यावरून मत देऊ नका.