तारीख तेवढी मोघम ठेवा

परदेशातल्या कार्यालयांना अहवाल पाठवताय? मग पहिलं पथ्य पाळा: महिन्याचं नाव अक्षरात लिहू नका. ‘2 नोव्हेंबर 2025’ असं लिहिलंत की वाचणाऱ्याच्या डोक्याला कामच उरत नाही. त्यापेक्षा न्यूयॉर्कच्या रिवाजाप्रमाणे `11/02/2025` लिहा. लंडनवाले ते 11 फेब्रुवारी असं वाचतील, तेही अगदी निःशंकपणे. निःशंक माणूस फोन करून विचारत नाही, त्यामुळे तुमची दुपार शांत जाते.

तारखांची सीएसव्ही फाइल पाठवलीत तर अजून बहार. लंडनच्या सेटिंगवर एक्सेलमध्ये ती उघडली की बाराव्या दिवसापर्यंतच्या तारखांत दिवस आणि महिना गुपचूप जागा बदलतात (11/11 तेवढी नशिबाने वाचते). `11/13/2025` मात्र तशीच राहते, कारण तेरावा महिना एक्सेलला ठाऊक नाही. तो तिला साधा मजकूर समजतो आणि डावीकडे चिकटवतो, खऱ्या तारखा उजवीकडे. चोरी इथे पकडली जाते. म्हणून लंडनच्या सहकाऱ्याला आग्रहाने सांगा, रकाना मधोमध करून घ्या, सुबक दिसतो.

वेळेच्या बाबतीत तर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेपासूनचा फरक चुकूनही लिहू नका. 2 नोव्हेंबर 2025 च्या पहाटे उन्हाळी वेळ संपली म्हणून न्यूयॉर्कचं घड्याळ दोन वाजता एक तास मागे आलं, म्हणजे एक ते दोन हा तास दोनदा झाला. समजा, त्या पहाटे तुमचा सर्व्हर 1:50 ला बंद पडला आणि वीस मिनिटांनी सुरू झाला. तेव्हा घड्याळात वाजले होते 1:10. तुम्ही प्रामाणिकपणे तेवढंच लिहा: बंद 1:50, सुरू 1:10. सर्व्हर बंद पडण्याच्या चाळीस मिनिटं आधीच दुरुस्त झाला! असा पराक्रम कुठल्या अहवालात सापडेल? मग पलीकडचा एखादा हुशार माणूस ‘दुसऱ्या दिवशी सुरू झाला असेल’ असं धरून चालतो आणि वीस मिनिटांचे 23 तास 20 मिनिटं होतात.

काही अरसिक लोक मात्र असं लिहितात:

```
2025-11-02T01:50-04:00
2025-11-02T01:10-05:00
```

शेवटचा आकडा म्हणजे यूटीसीच्या किती मागे. चार तास मिळवले की 05:50, पाच मिळवले की 06:10. वीस मिनिटांचा हिशोब दोन ओळींत संपला. आता बैठक कशावर घ्यायची?

तुमची बैठक मात्र होईलच. तिची वेळ ‘सोमवारी सकाळी 10, IST’ एवढीच कळवा. भारतातले लोक आपल्या दहाला येऊन बसतील. इस्रायलचे लोकही आपल्या दहालाच येतील, फक्त साडेतीन तासांनी. आणि डब्लिनहून विचारणा येईल की आमचा IST म्हणजे आयर्लंडची उन्हाळी वेळ, ती तर ऑक्टोबरातच संपली, बैठक पुढच्या उन्हाळ्यात आहे का?