साडूवर दावा लावताना घ्यायची काळजी

साडूला १८ जुलै २०२२ रोजी तुम्ही चार लाख रुपये हातउसने दिलेत. पैसे बँकेतून गेले, पण परत कधी द्यायचे ते ठरलं नाही, कारण नात्यात असं कोण ठरवतं? चार दिवाळ्या गेल्या. २०२५ च्या नोव्हेंबरात तुम्ही दावा लावायचं ठरवलंत. छान. आता वादपत्र, म्हणजे दावा मांडणारा कागद, असं लिहा की साडूच्या वकिलाला फार कष्ट पडू नयेत.

सुरुवात अपमानापासून करा. लग्नात चांदीचं ताट कोणी दिलं, वास्तुशांतीला कोण आलं नाही, सगळं लिहा. वादपत्रात फक्त घडलेल्या महत्त्वाच्या गोष्टी मांडायच्या असतात, पुरावा आणि युक्तिवाद नंतर, असं दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ पासून सांगत आली आहे. पण तिला तुमचा साडू कुठे माहीत आहे?

मग येतं दाव्याचं कारण. इथे तारीख लिहावी लागते आणि ती चुकवायला उत्तम जागा आहे. लिहा : ‘प्रतिवादीने दि. १५ सप्टेंबर २०२५ च्या नोटिशीस उत्तर दिले नाही, तेव्हा दाव्यास कारण घडले.’ वाचायला भारदस्त वाटतं. फक्त उसन्या पैशाचा दावा लावायची तीन वर्षांची मुदत पैसे दिले त्या दिवसापासून मोजतात. म्हणजे ती १८ जुलै २०२५ लाच संपली, आणि संपलेली मुदत नोटिशीने जिवंत होत नाही. पैसे दिल्याची तारीखही तुम्हीच वर लिहिलेली असल्याने मुदत गेल्याचं वादपत्रातच दिसतं. साडूचा वकील त्याच संहितेच्या ऑर्डर सात, रूल अकराचा अर्ज देतो आणि वादपत्र नामंजूर करा म्हणतो. त्याला साक्षीदारसुद्धा आणावा लागत नाही.

कपाटात मात्र साडूची एक चिठ्ठी आहे. ५ जानेवारी २०२४, खाली सही : ‘तुमचे चार लाख देणे आहे, थोडं सांभाळून घ्या.’ मुदत चालू असताना दिलेली सहीची अशी कबुली तीन वर्षं नव्याने मोजायला लावते, म्हणजे तुम्हाला ५ जानेवारी २०२७ पर्यंत श्वास मिळतो. पण मुदतीतून सूट कशामुळे मिळते, हे वादपत्रातच लिहावं लागतं. तुम्ही ती चिठ्ठी लिहू नका. घरची गोष्ट कोर्टात कशाला? नंतर आठवलीच, तर कोर्टाच्या परवानगीने मांडता येईल म्हणा, पण तोवर साडूचा वकील ‘ही आत्ता कुठून उगवली?’ असं विचारण्याचा आनंद घेऊन मोकळा होईल.

दावा किती रकमेचा हे लिहायला बसलात की कोर्ट फी पाहून पोटात गोळा येतो. वसुलीच्या दाव्यात फी मागितलेल्या रकमेवर लागते. तेव्हा हुशारी करा : आत्ता तीन लाखांचाच दावा, उरलेला लाख पुढच्या वर्षी. फी वाचली, शिवाय लाखही गेला. एकाच कारणातून निघणारं सगळं येणं एकाच दाव्यात मागावं लागतं, जे सोडाल त्यासाठी पुन्हा दावा करता येत नाही. लाख रुपये देऊन थोडी फी वाचवणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांच्या चेहऱ्यावर समाधान असतं. फी कमी भरली तर निदान कोर्ट मुदत देऊन ती भरून घेतं. इथे भरून घ्यायला काहीच उरत नाही.

विनंतीच्या परिच्छेदात एवढंच लिहा : ‘दावा मंजूर व्हावा व न्यायाच्या दृष्टीने योग्य ती इतर दाद मिळावी.’ दावा दाखल झाल्यापासून पैसे हातात पडेपर्यंतचं व्याज मागू नका. त्याच्यावर फी लागत नाही, म्हणजे ते फुकटच मागता आलं असतं, आणि फुकटचं कोणी मागू नये. कोर्टाच्या हुकूमनाम्यात पुढच्या व्याजाचा उल्लेखच नसेल, तर ते नाकारलं असं धरतात. इतर दाद वगैरे शब्द मग कागदाची शोभा वाढवतात.

राहिलं सत्यापन. शेवटच्या पानावर टायपिस्टने आधीच छापून ठेवलेलं असतं : ‘परिच्छेद १ ते ९ मधील मजकूर माझ्या माहिती व समजुतीप्रमाणे खरा आहे.’ कोणता परिच्छेद स्वतःच्या माहितीतला आणि कोणता ऐकून खरा मानलेला, हे आकड्यानिशी वेगळं सांगायचं असतं, खाली तारीख आणि ठिकाण. सोबत प्रतिज्ञापत्रही लागतं. तुम्ही वाचू नका. टायपिस्ट बोट ठेवील तिथे सही करा आणि चहा सांगा.

परिच्छेद ६ मध्ये तुम्ही लिहिलं आहे की साडूने ते पैसे गाळ्याच्या डिपॉझिटला वापरले. दीड वर्षाने तुम्ही पिंजऱ्यात उभे आहात आणि साडूचा वकील विचारतो.

‘परिच्छेद ६ तुमच्या स्वतःच्या माहितीतला आहे?’

‘हो.’

‘डिपॉझिट देताना तुम्ही तिथे होतात?’

‘नाही.’

‘मग कसं कळलं?’

‘मेहुणीने सांगितलं.’

स्टेनो ते तसंच्या तसं उतरवून घेते. मागच्या बाकावर मेहुणी बसलेली आहे, साडूशेजारी.