दीड हाताचं जग

चष्मा पुसता पुसता नाकावरच्या पुलापाशी 'कट्' असं वाजलं आणि माझ्या दोन्ही हातांत एकेक भिंग आलं. काचा शाबूत, फ्रेमचे मात्र दोन तुकडे. माझा नंबर उणे पाच. म्हणजे चष्म्याशिवाय मला जेमतेम वीतभर लांबचं स्पष्ट दिसतं. पुढे सगळी धूसर ओळख.

पहिला उपाय चिकटपट्टीचा. तिने पूल जुळला, पण घडी पडावी तसा मध्ये वाकला. एक काच जमिनीकडे बघत होती, दुसरी पंख्याकडे. काडीचा स्क्रू पडला असता तर टूथपिक खोचून मोडली की दिवस निघतो. पुलाचं दुखणं वेगळं.

मग मी ती चूक केली. एका थेंबात चिकटणारा गोंद. बायको म्हणाली, "अहो, त्याची वाफ काचेला लागते." मी ऐकलं नाही. अर्ध्या तासाने दोन्ही काचांच्या नाकाकडच्या कडांना पांढुरकी साय धरली होती. माझ्या चष्म्यालाच मोतीबिंदू! आणि एवढं करून पहिल्याच शिंकेला पूल पुन्हा तुटला.

शेवटी ड्रॉवरच्या तळातून जुना चष्मा काढला. नंबर उणे साडेतीन. दीडाचा तुटवडा. एका मीटरला दीडने भागलं की उत्तर येतं सुमारे ६७ सेंटिमीटर, म्हणजे साधारण दीड हात. तिथवर जग लख्ख, पुढे धुकं. जेवता येत होतं, संगणक चालत होता. गाडी चालवायची नाही, हे बायकोने किल्ली लपवूनच सांगितलं.

बस थांब्यावर मात्र युक्ती सुचली. मोबाईलचा कॅमेरा लावून तो दीड हाताच्या आत धरायचा. लांबची पाटी पडद्यावर वाचता येते. मी येणाऱ्या बसचा नंबर वाचत होतो आणि शेजारच्या बाई केस सारखे करत होत्या. शेवटी म्हणाल्या, "एवढे फोटो कशाला काढताय?" काय सांगणार?

चष्म्याच्या दुकानात मी निमूटपणे तुकडे पुढे केले. दुकानदाराने काचा वास घेतल्यासारख्या जवळ धरून पाहिल्या. "गोंद लावलात?" मी मान खाली घातली.

नव्या काचा मागवायला आठवडा लागणार होता. पण म्हणाला, "काचा मधे चांगल्या आहेत. मोठी काच घासून लहान फ्रेममध्ये बसते; लहानाची मोठी होत नाही. सायही कडेलाच आहे, घासताना जाईल." मग बुबुळांमधलं अंतर मोजलं, भिंगांचे मध्य खुणेने धरले. ते बुबुळांसमोर आले नाहीत तर डोकं धरतं म्हणे.

माझ्या काचा मावतील अशी लहान फ्रेम दुकानात एकच निघाली, मुलांच्या कप्प्यातली. तासाभरात चष्मा तयार. आता मला समोरच्या इमारतीवरचा कावळासुद्धा स्पष्ट दिसतो.

लोकांना मात्र आधी माझ्या काड्यांवरचे दोन जांभळे डायनोसॉर दिसतात.