पॉलिमरेज तीन आधी, एक नंतर

डीएनए रेप्लिकेशनच्या, म्हणजे डीएनएची कॉपी कशी होते त्याच्या, स्लाइड्स कुणी बनवत नाही, त्या वारसाहक्काने मिळतात. कुणीतरी कधीतरी केलेली पीपीटी असते, पुढचा शिकवणारा पहिल्या स्लाइडवरचं नाव तेवढं बदलतो आणि वर्गात शिरतो. माझ्याकडे आलेल्या पीपीटीत किमान तीन लोकांचे हात दिसतात, कारण डीएनएचे दोन पदर उलगडणारा हेलिकेज तीन वेगवेगळ्या रंगांत आहे, आणि एका स्लाइडवर तो चक्क उलट्या दिशेने धावतोय.

आता एन्झाइम्सचा क्रम पाठ करायचा म्हणून पोरं आद्याक्षरं जुळवतात. हे, सि, टो, प्रा, पॉ, पॉ, ला. म्हणजे हेलिकेज, सिंगल स्ट्रँड बाइंडिंग प्रोटीन, टोपोआयसोमरेज, प्रायमेज, पॉलिमरेज, पॉलिमरेज, लायगेज. ऐकायला छान, पण जिथे गोची आहे नेमका तिथेच हा मंत्र गप्प बसतो. दोन पॉ आहेत ना, पॉलिमरेज एक आणि पॉलिमरेज तीन, त्यातला आधी कोण? सरळ डोक्याचं पोरगं म्हणतं, एक आधी, तीन नंतर, आणि मार्क जातात, कारण इ. कोलाय जिवाणूत तीन नंबरवाला आधी काम करतो आणि एक नंबरवाला मागून येऊन निस्तरतो.

हे आकडे कामाच्या क्रमाचे नाहीतच, सापडण्याच्या क्रमाचे आहेत. आर्थर कोर्नबर्ग यांना १९५६ मध्ये पहिला पॉलिमरेज सापडला, तो झाला एक. सगळ्यांना वाटलं हाच तो, डीएनए कॉपी करणारा. मग १९६९ मध्ये पॉला डी लुसिया आणि जॉन केर्न्स यांनी असा म्युटंट शोधला ज्याच्यात ह्या एक नंबरची डीएनए जोडत जायची क्रिया जवळजवळ नव्हतीच, आणि तो जिवाणू मजेत वाढत होता! अल्ट्राव्हायोलेट लागला की मात्र पटापट मरत होता, म्हणजे एक नंबर दुरुस्तीला हवा होता, मुख्य कॉपी करणारा दुसराच कुणीतरी होता. मग पुढच्या एकदोन वर्षांत दोन आणि तीन सापडले, ज्यात आर्थर यांचा मुलगा थॉमस याचा मोठा वाटा. बापाला एक मिळाला, पोराला खरा कारभारी. ही गोष्ट मी वर्गात सांगते, आणि त्यानंतर आकडे चुकणारे जरा कमी होतात, असं मला तरी वाटतं.

तर लॅगिंग स्ट्रँडचा, म्हणजे तुकड्यातुकड्यांत बनणाऱ्या नव्या पदराचा, एकच तुकडा घ्या, ओकाझाकी फ्रॅगमेंट, इ. कोलायमध्ये साधारण एक ते दोन हजार न्यूक्लिओटाइड लांब. पॉलिमरेज तीनला कोऱ्या पाटीवर लिहिता येत नाही, त्याला आधी काहीतरी लिहिलेलं लागतं ज्याला पुढे जोडता येईल. म्हणून प्रायमेज दहाएक न्यूक्लिओटाइडचा आरएनए प्रायमर टाकतो. मग तीन येतो, ५ प्राइम ते ३ प्राइम दिशेने सुसाट लांबवत जातो, आणि आधीच्या तुकड्याच्या प्रायमरला जाऊन धडकला की उतरतो. समोरचा आरएनए त्याला खाता येत नाही, ती सोयच त्याच्यात नाही. आता येतो एक. हा पुढून आरएनए खातो आणि मागून डीएनए भरत जातो, एकाच वेळी दोन्ही. आणि इतकं सगळं केल्यावरही दोन तुकड्यांमध्ये एक साधी खाच उरते, म्हणजे बेस सगळे जागेवर आहेत, फक्त साखर-फॉस्फेटचा एक बंध जुळायचा बाकी. तो लायगेज जुळवतो.

माझ्या पीपीटीत लिहिलंय "लायगेज गॅप भरतो". नाही हो! गॅप एक नंबरने भरली, लायगेजने एक बंध लावला. एकही न्यूक्लिओटाइड त्याने टाकलेला नाही. आणि हे कसं कळतं तर त्याला काढून बघा. टी४ फेज ह्या जिवाणूंवर जगणाऱ्या विषाणूत तापमान वाढवलं की लायगेज बंद पडणारा म्युटंट घेतला तर छोटे छोटे तुकडे साचत जातात, पण ते तुकडे बनलेले तर असतात. म्हणजे बनवणारा वेगळा आणि जोडणारा वेगळा. क्रम आठवत नसला की मी पोरांना हेच विचारते, अमुक एन्झाइम गायब केला तर नेमकं काय साचेल? प्रायमेज गायब, तर लॅगिंगवर नवा तुकडाच सुरू होणार नाही. एक नंबर पूर्णच गायब, तर तुकड्यांत आरएनए तसाच अडकून राहील. पाठांतरापेक्षा हे बरं चालतं.

पण स्लाइड्सचा खरा गुन्हा ॲनिमेशनचा आहे. क्लिक केलं, हेलिकेज आला. क्लिक, सिंगल स्ट्रँड प्रोटीन आलं. क्लिक, क्लिक, आणि चौथ्या क्लिकला टोपोआयसोमरेज येतो, बिचारा. फोर्क, म्हणजे जिथे दोन पदर वेगळे होतात ती जागा, सेकंदाला हजारेक बेस उलगडत जातो आणि डीएनएचा एक पीळ साधारण साडेदहा बेसचा, म्हणजे सेकंदाला शंभराच्या आसपास पीळ पुढे ढकलले जातात. दोन पदरी दोरीचे पदर मधूनच हिसडून वेगळे करा, पुढचा भाग कसा आवळत जातो बघा. ते सैल करायला गायरेज, म्हणजे जिवाणूतला हाच टोपोआयसोमरेज, फोर्कच्या पुढे पहिल्यापासून हजर हवा, चौथ्या क्लिकची वाट बघायला वेळ नाहीये. मी एकदा सगळ्यांना एकाच क्लिकवर आणलं, तर मागून आवाज आला, मॅडम, एकेक करून येऊ द्या ना, नोट्स काढायच्यात.

मग येतं ट्रान्सक्रिप्शन, म्हणजे डीएनएवरून आरएनए बनवणं. ही स्लाइड कुणीतरी आधीच्या स्लाइडची कॉपी करून बनवलीय हे उघड आहे, कारण त्यात हेलिकेज आणि प्रायमेज दोघंही दिमाखात उभे आहेत. जिवाणूच्या आरएनए पॉलिमरेजला ह्यातलं कुणी लागत नाही. सिग्मा फॅक्टर प्रमोटर, म्हणजे सुरुवात करायची जागा, शोधून देतो, एन्झाइम स्वतःच बारा-चौदा बेसचा बुडबुडा उघडतो आणि प्रायमरशिवाय सरळ सुरू करतो. अर्थात सुरुवातीला आखूड आखूड आरएनए बनवून फेकून देतो, मग गाडी मार्गी लागते. पण प्रायमर मागत नाही, हे महत्त्वाचं. तर डिलीट, डिलीट. डिलीट केल्यावर स्लाइड अर्धी रिकामी दिसते, आणि रिकामी स्लाइड कुणाला बघवत नाही, म्हणूनच ते दोघं इतकी वर्षं तिथे टिकले असणार.

ह्यावर कळस म्हणजे युकॅरिओटिक, म्हणजे केंद्रक असलेल्या पेशींतलं, ट्रान्सक्रिप्शन, तिथेही एक, दोन, तीन! आरएनए पॉलिमरेज एक रायबोसोमचा मोठा आरएनए, दोन मेसेंजर आरएनए, तीन टीआरएनए. १९६९ मध्ये रोडर आणि रटर यांनी ते वेगळे केले, आणि आकडे लागले एन्झाइम्स वेगळे करायच्या कॉलममधून कोण आधी बाहेर पडला त्यावरून. म्हणजे इथला क्रम कामाचाही नाही आणि सापडण्याचाही नाही, गळण्याचा आहे. परीक्षेत मग एक उत्तर आलंच की पॉलिमरेज तीन टीआरएनए बनवतो आणि फावल्या वेळात लॅगिंग स्ट्रँडही.

आता मी नियम केलाय, नुसतं "पॉल तीन" कुठेही लिहायचं नाही. डीएनए पॉल निळ्यात, आरएनए पॉल केशरीत. आमच्या प्रोजेक्टरवर निळा आणि केशरी दोन्ही करडे दिसतात. म्हणून पूर्ण नाव लिहिते, आणि पूर्ण नाव चौकटीत मावत नाही, मग फॉन्ट लहान करते, मग मागच्या बाकावरून विचारतात, मॅडम, तो कितवा पॉलिमरेज आहे?