गिऱ्हाईकाच्या मोबाईलकडे बघूच नका

आज सकाळी आमच्या पेठेतल्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरत आला. ‘पैसे पाठवल्याचा खोटा स्क्रीनशॉट ओळखण्याच्या दहा खुणा.’ अक्षरांचा आकार बघा, हिरवा रंग फिकट आहे का बघा, स्पेलिंग तपासा. खाली बावीस जणांचे अंगठे. वाचून डोकं फिरलं माझं. संध्याकाळी सात वाजता काउंटरला आठ माणसं उभी, एका हातात तराजू, एका हातात पिशवी, आणि आमच्या अण्णांनी चष्मा लावून हिरवा रंग फिकट आहे का ते बघायचं?

अण्णा म्हणजे माझे वडील. सांगलीत आमचं किराणा दुकान आहे, चाळीस वर्षं झाली. दिवाळीच्या आधी एक जण आला. तेलाचा पंधरा किलोचा डबा 2,340, दहा किलो साखर 440, दोन किलो तूरडाळ 260. बिल झालं 3,040. त्यानं क्यूआर स्कॅन केला, मोबाईल फिरवून दाखवला, “गेले बघा अण्णा.” हिरवी टिक, आमच्या दुकानाचं नाव, बरोबर 3,040, तारीख-वेळ त्याच मिनिटाची. खाली बारा आकडी नंबरसुद्धा. अण्णांनी त्याचे शेवटचे चार आकडे बिलबुकात लिहूनही घेतले. आणि त्याच्या गाडीवर डबा ठेवायला आमच्या पोराला पाठवलं.

रात्री हिशेबाला बसलो तेव्हा ते 3,040 कुठंच नव्हते.

आता सांगा, त्या दहा खुणांपैकी कुठली खूण उपयोगी पडली असती? तो फोटो नव्हताच. जुना स्क्रीनशॉट असेल तर कळतो, मी नाही म्हणत नाही. फोटोवर बोट लावलं तर मागे जायचं बटण चालत नाही, दोन बोटांनी ताणला की सगळं चित्र मोठं होतं, वर घड्याळात भलतीच वेळ दिसते. पण आता हुबेहूब पैशाच्या ॲपसारखी दिसणारी खोटी ॲप निघालीत. त्यात दुकानाचं नाव आणि रक्कम हातानं भरायची, की टिक येते, वेळ आत्ताची येते, नंबर येतो. मागे गेलात तर व्यवहारांची यादीसुद्धा दिसते. खरा पडदा आणि हा पडदा शेजारी ठेवले तरी मला ओळखता येणार नाहीत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, समोरच्याच्या मोबाईलवर खरं-खोटं शोधायचंच नाही. पैसे आपल्या खात्यात यायचेत ना? मग आपलंच खातं बघायचं.

पण अण्णांकडे तर पैसे जमा झाले की मोठ्यानं बोलणारा बॉक्स होता. मग तो गप्प असताना त्यांनी माल दिला कसा? मी त्या रात्री त्यांच्यावर ओरडलो. पंचाहत्तरीच्या माणसावर. ते नुसतं म्हणाले, “तो कधी बोलतो, कधी बोलत नाही रे.” मला वाटलं, सबब सांगतायत. दुसऱ्या दिवशी दिवसभर गल्ल्यावर बसलो तेव्हा कळलं की अण्णा शंभर टक्के खरं बोलत होते.

आमच्या काउंटरवर दोन क्यूआर होते. एका कंपनीचा बॉक्ससह, आणि दुसऱ्या कंपनीच्या पोरानं येऊन काचेवर चिकटवलेला, बॉक्स नसलेला. बॉक्स फक्त स्वतःच्या क्यूआरवर आलेले पैसे बोलतो. दुसऱ्यावर कुणी खरे पैसे टाकले तरी तो मुकाच. त्यात बॉक्सला त्याचं स्वतःचं सिमकार्ड असतं. रेंज गेली, चार्जिंग उतरलं की तेव्हाही मुका. म्हणजे दिवसातून पाच-सहा वेळा बॉक्स गप्प आणि पैसे मात्र खरे, असं वर्षभर चाललं होतं. अण्णांना गप्प बॉक्सवर माल द्यायची सवय आम्हीच लावली होती. चोर आला तेव्हा ती शांतता अण्णांच्या कानाला खटकलीच नाही.

तुमच्या दुकानात दोन क्यूआर आणि एक बॉक्स असेल तर मुका क्यूआर आज काढा. मी कोयत्याच्या टोकानं खरवडला आमचा. (काढताना उरलेल्या क्यूआरवर कुणी भलत्यानं स्वतःचा स्टिकर तर चिकटवला नाही ना, तेही बघा. स्वतःच्या मोबाईलनं स्कॅन केलं की नाव दिसतं.)

आणि बॉक्स गप्प राहिला तर आपल्या मोबाईलवर बॉक्सच्याच कंपनीच्या ॲपमधली दुकानात जमा झालेल्या पैशांची यादी उघडायची. वरचीच नोंद बघायची: रक्कम, वेळ, आणि गिऱ्हाईक दाखवतो त्या बारा आकडी नंबरचे शेवटचे चार. तो नंबर दोन्हीकडे सारखाच असतो. आपल्या यादीत नसेल तर त्याच्या पडद्यावरच्या नंबराला काही किंमत नाही. अण्णांनी बिलबुकात लिहिलेले चार आकडे आमच्या यादीत नव्हते, बँकेच्या पासबुकातही नव्हते. हे तपासायला अर्धा मिनिट लागला. तो अर्धा मिनिट डबा काउंटरवर असताना द्यायचा होता, रात्री नाही.

बँकेच्या मेसेजवर विसंबू नका. काही बँका छोट्या रकमेचा मेसेज पाठवतच नाहीत. आणि साध्या दहा आकडी मोबाईल नंबरवरून ‘तुमच्या खात्यात जमा’ असं आलं तर तो बँकेचा मेसेज नव्हेच.

कुणी म्हणेल, प्रामाणिक माणसाचा अपमान होतो. होतो थोडा, मान्य. परवाच एका कॉलेजच्या मुलीनं 180 रुपये टाकले, बॉक्स गप्प, यादीतही नाहीत. तिच्या खात्यातून वजा झालेले दिसत होते. अण्णा म्हणाले, “बस गं बाळ दोन मिनिटं, सर्व्हर अडकलाय बहुतेक.” स्टूल दिलं, पाणी दिलं. चार मिनिटांनी बॉक्स बोलला. ती हसत गेली. आणि नसते आले, तर असे अडकलेले पैसे नियमानं काही दिवसांत तिच्याच खात्यात परत गेले असते. म्हणून माल द्यायचा तो आपल्याकडे दिसल्यावरच. सांगायच्या स्वरावर असतं हो सगळं. “बघू तुमचा मोबाईल” म्हटलं तर राग येतो. “थांबा, माझ्याकडं येऊ दे” म्हटलं तर येत नाही.

राहवत नाही म्हणून आणखी एक. आम्ही 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला. तक्रार नोंदवून घेतली, नीट बोलले. पण ती सोय मुख्यतः गेलेला पैसा पुढच्या खात्यात अडवायला आहे. आमच्या बाबतीत पैसा कुठून निघालाच नव्हता, अडवणार काय? गेला तो तेलाचा डबा. तेव्हा लागतो गाडीचा नंबर आणि कॅमेऱ्यातला चेहरा, आणि आमचा कॅमेरा तराजूकडे तोंड करून होता. आता तो रस्त्याकडे वळवलाय.

अण्णा अजून त्या माणसाबद्दल बोलतात. शिव्या नाही देत. “पोरगं चांगलं बोललं रे, घरी सगळे बरे आहेत का विचारलं.” 3,040 रुपयांपेक्षा मला ते जास्त लागतं.

पेठेतल्या कुणाला दुकानाची यादी मोबाईलवर लावून हवी असेल, दोन क्यूआरचा घोळ असेल, तर रविवारी दुपारी दुकानावर या. मी आहे तिथंच. येताना बँकेला जोडलेला मोबाईल आणा, आणि आपले आईवडील दुकानात बसत असतील तर त्यांनाही घेऊन या.