"मुंबईत झुरळं असणारच" हे मला आता कोणी ऐकवू नका

आज सकाळी साडेदहाला आमच्या पेस्ट कंट्रोलवाल्या कंपनीच्या मालकांचा फोन आला. काल, 1 डिसेंबरला, त्यांचं वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट मध्येच थांबवत असल्याची नोटीस मी मेल केली होती. चूक झाली, बघतो, असं काहीतरी बोलतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "मॅडम, मुंबईत राहायचं म्हणजे झुरळं असणारच. एवढ्यासाठी कोणी तीन वर्षांचं नातं तोडतं का?" आणि वर, "तुमच्या सरांशी बोलतो मी."

बोला ना. सरांना मी सगळं आधीच दाखवलंय.

मरोळला आमचं ऑफिस आहे, अडतीस माणसं, एक पॅन्ट्री. तीन वर्षांपूर्वी कॉन्ट्रॅक्ट सुरू झालं तेव्हा या कंपनीकडून एक काका यायचे. नालासोपाऱ्याहून पहिल्या लोकलने निघायचे आणि ऑफिस भरायच्या आत काम उरकायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला पॅन्ट्रीच्या ओट्याखाली गुडघ्यावर बसायला लावलं होतं. ट्रॉलीच्या दाराच्या बिजागराजवळ टॉर्च धरला आणि म्हणाले, "ताई, इथं बघा. काळी मिरी सांडल्यासारखं दिसतंय ना? ही त्यांची विष्ठा. म्हणजे घर इथंच आहे, बाहेरून येत नाहीयेत." मग एक मादी दाखवली, मागे तपकिरी पेटी लागलेली. त्या एका पेटीत तीस-चाळीस अंडी असतात आणि फुटायची वेळ होईपर्यंत ती पेटी अंगावरच घेऊन फिरते, हे मला त्या दिवशी कळलं.

काका फवारणी जवळजवळ करायचेच नाहीत. जेल लावायचे, मसुरीच्या दाण्याएवढे ठिपके. बिजागराच्या आत, फ्रिजच्या मोटरजवळ, कॉफी मशीनच्या खाली जिथं ऊब असते तिथं. झुरळ ते खातं, फटीत परत जातं आणि तिथं मरतं. बाकीची त्याची विष्ठा खातात, मेलेलं झुरळही खातात आणि त्यांच्याही पोटात ते विष जातं. म्हणून फटीत हात न घालताही फट साफ होते. दोन आठवड्यांनी काका परत यायचे, सुकलेले ठिपके खरवडून ताजे लावायचे. तेवढ्या दिवसांत नवी पेटी फुटली असली तर ती पिल्लंही त्यात यायची.

यंदा एप्रिलमध्ये कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं आणि मे महिन्यापासून काका यायचे बंद झाले. दर वेळी वेगळा मुलगा. पाठीवर पंप, पॅन्ट्रीत एक फेरी, भिंतीच्या कडेकडेने फसफस, की झालं. वास मात्र जोरात यायचा. आमच्या लोकांना वाटायचं, वास आला म्हणजे काम झालं. खरं सांगते, सुरुवातीला मलाही तसंच वाटलं.

नुकसान तिथंच होत होतं. या फवारण्यातली बरीचशी औषधं झुरळांना पळवून लावणारी असतात. जेलवर किंवा जेलच्या आजूबाजूला ती उडाली की झुरळ त्या जेलकडे फिरकत नाही. म्हणजे आदल्या महिन्याचं काम या महिन्याची फवारणी पुसून टाकते. वर, ओट्याखालची झुरळं विखरून नव्या जागा धरतात. जुलैमध्ये आमच्या अकाउंट्सच्या टेबलातल्या खणात पहिल्यांदा पिल्लं दिसली. पॅन्ट्रीपासून ते टेबल चाळीस फूट लांब आहे.

मी तक्रार केली. "पावसाळा आहे मॅडम." ऑगस्टमध्ये परत केली. "ड्रेनेजमधून येतात मॅडम, सोसायटीला सांगा."

ड्रेनेजमधून येणारं झुरळ मोठं असतं, लालसर, अंगठ्याएवढं. आमच्याकडे सापडत होतं ते लहान, फिकं तपकिरी, डोक्यामागे दोन काळ्या उभ्या रेघा असलेलं. हे आतच जन्मतं आणि आतच वाढतं. काकांनी हा फरक मला पहिल्याच दिवशी शिकवला होता. ज्या कंपनीच्या माणसाने शिकवला, तीच कंपनी मला ड्रेनेजचं कारण देत होती. याचाच जास्त राग आला.

मग मी भांडणं थांबवून मोजायला लागले. बाजारातून सहा चिकट ट्रॅप आणले. त्यावर तारीख आणि जागा लिहिली आणि ठेवले: सिंकखाली, फ्रिजमागे, कॉफी मशीनजवळ, ओट्याच्या दोन्ही कोपऱ्यांत आणि अकाउंट्सच्या त्या टेबलाखाली. सर्व्हिसच्या आधीच्या सात रात्रींत 31 सापडली. सर्व्हिस झाल्यावर नवे ट्रॅप, पुन्हा सात रात्री: 29. त्यातली 22 पिल्लं. पिल्लं जास्त म्हणजे पेट्या फुटतायत आणि औषध त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीये. काकांच्या वेळच्या, फेब्रुवारीतल्या स्लिपवर त्यांनीच लिहून ठेवलेला आकडा होता: 3.

स्लिपवरून आठवलं. ज्यांच्या ऑफिसात असं कॉन्ट्रॅक्ट आहे त्यांनी उद्या जाऊन स्लिपांची फाइल उघडा, एवढं माझ्यासाठी करा. आमच्या प्रत्येक स्लिपवर "झुरळ, उंदीर, डास" सगळ्यांसमोर बरोबरच्या खुणा आणि औषधाच्या नावाचा रकाना कोरा. सही सिक्युरिटीच्या दादांची. त्यांनी तरी काय बघून सही करायची? मी गेटचं रजिस्टर मागवलं. काकांच्या वेळी आत आणि बाहेरच्या वेळेत सव्वा तासाचं अंतर असायचं. सप्टेंबरमध्ये अकरा मिनिटं. आणि ऑक्टोबरची दुसरी फेरी, नोव्हेंबरची पहिली फेरी, या दोन्हींच्या स्लिपा आमच्या फाइलला आहेत, रजिस्टरमध्ये नोंदच नाही. कोणी आलंच नव्हतं. स्लिप पुढच्या फेरीत मागची तारीख घालून सही करून घेतली होती.

हे लिहिताना आत्ताही माझं डोकं तापतंय.

हो, आमच्याकडून चुका झाल्या, मान्य आहे. रिन्यूअलच्या वेळी आम्हीच दर घासून कमी करून घेतला. पॅन्ट्रीत रात्रभर ओला पोछा पडलेला असायचा, रिकामे खोके साठले होते. पण खोके होते म्हणून न आलेल्या माणसाची स्लिप करायची नसते.

नोटीस दोन पानांत संपली. रागाचं एक वाक्य त्यात नाही, मुद्दाम. करारात 30 दिवसांच्या लेखी नोटिशीचं कलम होतं, त्याचा नंबर लिहिला. शेवटचा दिवस 31 डिसेंबर. तक्रारींच्या मेलच्या तारखा, ट्रॅपचे फोटो, रजिस्टरची पानं जोडली. मग पैसे. वर्षाच्या 24 सर्व्हिसेस, प्रत्येकी 1,500 रुपये. ऑक्टोबर ते मार्चच्या बारांचे पैसे आम्ही आगाऊ भरलेले. जानेवारी ते मार्चच्या सहा होणार नाहीत आणि त्या दोन झाल्याच नाहीत. आठ सर्व्हिसेसचे 12,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 2,160, एकूण 14,160 रुपये परत. त्याची क्रेडिट नोट मागितली, नाहीतर आमच्या अकाउंट्सवाल्यांना जीएसटीचा हिशोब जुळवता येत नाही. आकडा नोटिशीतच हवा. "बघून घेऊ" म्हणाल तर ते तुमचे पैसे बघतच राहतील.

आणखी एक गोष्ट लिहिली, जी बहुतेक लोक विसरतात. त्यांनी उंदरांसाठी फॉल्स सीलिंगच्या वर आणि डक्टमध्ये ठेवलेल्या विषाच्या वड्या कुठे कुठे आहेत त्याचा नकाशा द्या आणि जाण्याआधी त्या काढून न्या. त्या विषाने उंदीर तीन-चार दिवसांनी मरतो, लगेच नाही. वर वड्या तशाच राहिल्या तर जानेवारीत कुठल्या पत्र्याआड वास सुटलाय ते शोधत बसायचं आपण.

फोन झाल्यावर दुपारी त्यांनी एक मुलगा पाठवला, "खास सर्व्हिस" म्हणून. वीस-एकवीस वर्षांचा असेल. हातमोजे नाहीत, तोंडाला मास्क नाही. औषध कोल्ड्रिंकच्या बाटलीत, लेबल फाडलेलं. मी विचारलं, "यात काय आहे रे?" म्हणाला, "माहीत नाही मॅडम, गोडाऊनमधून भरून देतात." पेस्ट कंट्रोलचा धंदा करायला 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली लायसन्स लागतं. त्या लायसन्सवर व्यवसाय करणारे लोक या पोराला कोल्ड्रिंकच्या बाटलीत विष देऊन लोकलने पाठवतात. तहानेला कोणी उचलली असती तर? आमच्या हाऊसकीपिंगच्या मावशी त्याच ओट्यावर पाण्याच्या बाटल्या भरतात.

मी त्याला फवारणी करू दिली नाही. चहा दिला. सकाळपासून हे त्याचं सहावं ऑफिस होतं आणि अजून तीन बाकी होती. दिवसाला नऊ ठिकाणं दिली तर कोण गुडघ्यावर बसून बिजागर बघणार? त्याच्यावर राग धरता येईना. स्लिपवर मीच लिहिलं, "सर्व्हिस घेतली नाही, औषधाचं लेबल नाही", खाली वेळ टाकली, स्लिपचा फोटो घेतला आणि त्या मुलाला म्हटलं, मालकांना सांग की मॅडमनीच नको म्हटलं, म्हणजे तुझा दिवस कापणार नाहीत.

संध्याकाळी न राहवून काकांना फोन लावला. नंबर जुन्या स्लिपमागे होता. ते मे महिन्यात सोडून गेले होते, दिवसाला नऊ ठिकाणं जमेनात म्हणून. आता वसईत एका हॉटेलच्या किचनचं काम बघतात. मी सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "ताई, नवीन माणूस आला की आधी फवारतो की आधी बघतो?"

शनिवारी तीन वाजता नव्या कंपनीचा माणूस पाहणीला येतोय. दर अजून विचारलेला नाही. ट्रॅप जागेवर आहेत, टॉर्चमध्ये नवे सेल घातलेत, आणि ट्रॉलीचं ते दार मी आत्ताच उघडून ठेवलंय.